आधार काढा, टोक उचला: दोन गाळ्यांच्या पुलाची प्रभावरेषा

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्याच्या सीमेवर, ट्रेंट नदीवर टॉर्कसी नावाचा एक जुना रेल्वे पूल आहे. जॉन फाउलर या अभियंत्याने तो आखला आणि 1849 मध्ये तो बांधून तयार झाला. पुलाचे मुख्य गाळे दोन, प्रत्येकी 130 फुटांचे, म्हणजे साधारण 40 मीटरचे. नदीच्या मध्ये एक खांब. लोखंडी पत्र्याचे, पोकळ पेटीच्या आकाराचे गर्डर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न तुटता गेलेले. पूल तयार झाला, पण सरकारी निरीक्षक कॅप्टन सिमन्स यांनी गाडी सोडायला परवानगी नाकारली. गर्डरच्या लोखंडावर येणारा ताण सुरक्षित मर्यादेबाहेर जातो, असे त्यांचे म्हणणे होते. फाउलर यांच्या बाजूचे म्हणणे असे की गर्डर मधल्या खांबावर तुटलेला नाही, तो सलग आहे, आणि हा सलगपणा हिशेबात धरलाच पाहिजे. वाद लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपर्यंत गेला. विल्यम पोल यांनी सलग गर्डरचे गणित मांडून दाखवले आणि 1850 मध्ये पूल खुला झाला.

सलगपणामुळे पूल बळकट होतो हे खरे. पण किती? याचे एकच एक उत्तर नाही. गाडी पुलाच्या कोणत्या भागावर उभी आहे, यावर ते ठरते. म्हणून अभियंत्याला आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: वजन कुठे ठेवले तर पुलाला सर्वांत जास्त त्रास होईल? टॉर्कसीच्या वादाच्या वेळी या प्रश्नाचे चटकन उत्तर देणारे साधन कुणाच्या हातात नव्हते. पुढच्या चाळीसएक वर्षांत ते आले, आणि त्याची गंमत अशी की त्यासाठी आकडेमोड न करता नुसते चित्र काढले तरी निम्मे काम होते.

त्या साधनाचे नाव प्रभावरेषा. समजा आपण पुलावरची एकच जागा धरली, उदाहरणार्थ डाव्या काठावरचा आधार. आता एक टन वजन पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकवायचे आणि दर ठिकाणी नोंद करायची की त्या डाव्या आधारावर किती भार आला. वजन जिथे होते तिथेच, त्या भाराइतक्या उंचीवर, एक ठिपका द्यायचा. सगळे ठिपके जोडले की डाव्या आधाराच्या प्रतिक्रियेची प्रभावरेषा तयार. प्रतिक्रिया म्हणजे आधाराने पुलाला खालून दिलेला उलटा रेटा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, म्हणून तो आधीच सांगून टाकतो. अभियांत्रिकीची मुले बेंडिंग मोमेंटची आकृती काढतात. मोमेंट म्हणजे गर्डरला एखाद्या जागी वाकवणारा जोर, वजन गुणिले अंतर, टन-मीटरमध्ये मोजलेला. त्या आकृतीत वजन एका जागी खिळलेले असते आणि आपण गर्डरभर फिरून कुठे किती मोमेंट आहे ते पाहतो. प्रभावरेषेत नेमके उलटे: पाहण्याची जागा खिळलेली आणि वजन फिरते. दोन्ही चित्रे दिसायला कधीकधी सारखी असतात, अर्थ मात्र पूर्ण वेगळा.

दोन आधारांच्या साध्या तुळईसाठी प्रभावरेषा सरळ रेघांची असते, ती कुणीही काढील. तीन आधारांवरच्या सलग तुळईत अडचण येते. तिथे केवळ समतोलाच्या नियमांनी तीन प्रतिक्रिया निघत नाहीत. तुळई किती वाकते हेही हिशेबात घ्यावे लागते. वजनाच्या प्रत्येक जागेसाठी हा हिशेब नव्याने करायचा म्हणजे कंटाळवाणे काम. हाइनरिख म्यूलर-ब्रेस्लाउ या जर्मन अभियंत्याने 1886 च्या सुमारास यातून सुटका केली. त्यांचे तत्त्व असे: ज्या बलाची प्रभावरेषा हवी, ते बल देणारा अडसर तेवढा काढून टाका. मग त्या बलाच्या दिशेने तिथे एक एकक इतकी हालचाल करा. बाकीचे सगळे आधार जागच्या जागी ठेवा. तुळईचा जो वाकलेला आकार होईल, तीच प्रभावरेषा.

प्रथमदर्शनी हे खरे वाटत नाही. आधार काढून तुळई उचलल्याचा आणि वजन ठेवल्यावर येणाऱ्या भाराचा काय संबंध? पण कारण चार ओळींत सांगता येते. इटलीच्या बेट्टी यांनी 1872 मध्ये मांडलेला एक नियम आहे: एकाच तुळईच्या दोन वेगळ्या अवस्था घ्या. पहिल्या अवस्थेतल्या बलांनी दुसऱ्या अवस्थेतल्या हालचालींवर केलेले काम आणि दुसऱ्या अवस्थेतल्या बलांनी पहिल्या अवस्थेतल्या हालचालींवर केलेले काम समान असते. आता पहिली अवस्था खरी: पुलावर एक टन वजन, डाव्या आधारावर R इतकी प्रतिक्रिया. दुसरी अवस्था कल्पनेतली: डावा आधार काढून तिथे टोक एक एकक वर उचललेले. दुसऱ्या अवस्थेतली सगळी बले तीन आधारांच्या जागीच आहेत, आणि पहिल्या अवस्थेत त्या तिन्ही जागा हललेल्याच नाहीत. म्हणून त्यांचे काम शून्य. मग दुसरी बाजूही शून्य व्हायला हवी. R ने एक एकक वर जाताना केलेले काम R, आणि एक टन वजनाच्या जागी तुळई y इतकी वर गेली म्हणून वजनाने विरोधात केलेले काम y. दोन्हींची वजाबाकी शून्य, म्हणजे R बरोबर y. वजन कुठेही असो, तिथली उंचीच प्रतिक्रिया सांगते. याहून सुंदर सिद्धता मला या विषयात आढळलेली नाही.

हे घरी करून पाहता येते. साठ सेंटीमीटर लांबीची एक पातळ लवचिक पट्टी घ्या आणि आलेखाचा कागद लावलेल्या लाकडी फळीवर ती कडेवर उभी ठेवा. फळी आडवी असल्यामुळे पट्टीच्या स्वतःच्या वजनाचा परिणाम होत नाही. मधोमध आणि उजव्या टोकाशी पट्टीच्या दोन्ही बाजूंनी खिळे ठोका. खिळे दोन्ही बाजूंना हवेत, कारण आधाराने तुळईला दाबायचे तसे गरज पडल्यास धरूनही ठेवायचे आहे. डावे टोक मोकळे ठेवा. ते मूळ जागेवरून दोन सेंटीमीटर बाजूला सरकवा आणि पट्टीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा. डाव्या गाळ्याच्या मध्यावर पट्टी सुमारे 8 मिलिमीटर सरकलेली दिसेल. मधल्या खिळ्यापाशी शून्य. आणि उजव्या गाळ्यात ती विरुद्ध बाजूला गेलेली, मध्यावर सुमारे 2 मिलिमीटर. दोन सेंटीमीटरला एक मानले तर या उंच्या 0.41 आणि उणे 0.09 होतात. गणितानेही हेच आकडे येतात.

ही कल्पना प्रयोगशाळेतही वापरली गेली. अमेरिकेत प्रिन्स्टनचे प्राध्यापक जॉर्ज बेग्ज यांनी 1920 च्या दशकात पुठ्ठ्याच्या प्रतिकृतींना अगदी बारीक हालचाली देऊन, बाकी ठिकाणचे सरकणे सूक्ष्मदर्शकाने मोजून मोठ्या बांधकामांच्या प्रभावरेषा काढल्या. त्यांनी हालचाली इतक्या लहान ठेवल्या त्यालाही कारण आहे. पट्टी फार वाकवली की हे प्रमाण बिघडते. वर दिलेला नियम लहान हालचालींचा आहे.

आता तो आकार नीट पाहा, कारण पुढची सगळी चित्रे त्यातूनच उमजतात. डाव्या आधारापाशी उंची 1. तिथून रेषा उतरत मधल्या आधारावर शून्याला येते, पण ती सरळ नाही, किंचित खाली झुकलेली आहे. सुटा गाळा असता तर मध्यावर 0.5 आले असते. सलग असल्यामुळे 0.41 येते. मधल्या आधारावर रेषा कुठेही मोडत नाही, ज्या तिरकसपणाने आली त्याच तिरकसपणाने शून्याखाली जाते. उजव्या गाळ्यात तिचा सर्वांत खोल भाग मध्यावर नसून मधल्या खांबाच्या थोडा जवळ, गाळ्याच्या 42 टक्के अंतरावर असतो. तिथली खोली 0.096. अर्थ साधा आहे: उजव्या गाळ्यावर वजन ठेवले की डावे टोक वर उचलले जाऊ पाहते, आणि आधाराला ते धरून ठेवावे लागते.

मधल्या आधाराची प्रभावरेषा याहून सोपी. मधले खिळे काढा, दोन्ही टोकांना खिळे ठेवा आणि पट्टीचा मध्य एक एकक उचला. एक सपाट माथ्याची, दोन्ही बाजूंनी सारखी कमान तयार होते. गाळ्याच्या मध्यावर उंची 0.69. सुट्या गाळ्यांत ती 0.5 असती. म्हणजे सलग पुलात मधला खांब आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओझे उचलतो, आणि काठावरचे आधार तेवढे हलके होतात.

मोमेंटसाठी आधार काढायचा नसतो. मोमेंट देणारा अडसर म्हणजे तुळईचा त्या जागचा कणखरपणा. तो काढायचा म्हणजे तिथे तुळई कापून बिजागरी बसवायची. मग बिजागरीच्या दोन्ही बाजू अशा फिरवायच्या की तिथे कौलारू घराच्या आढ्यासारखा वर निमुळता कोन तयार व्हावा. दोन्ही बाजूंच्या तिरकसपणांची बेरीज एक. मोमेंटची धन दिशा, म्हणजे तुळईचा पोटाकडचा भाग ताणणारी, धरली की कोन नेहमी असाच वर टोक करून येतो.

मधल्या खांबावरच्या मोमेंटसाठी बिजागरी खांबाच्या बरोबर वर बसवा. आढे तिथेच व्हायला हवे, पण खांब तुळईला वर जाऊ देत नाही. मग एकच मार्ग उरतो: दोन्ही गाळे खाली झुकतात. म्हणून ही प्रभावरेषा दोन्ही गाळ्यांत शून्याच्या खाली, दोन खोलगट झोळ्यांची. यातून एक ठाम गोष्ट कळते. दोन्ही गाळ्यांत वजन कुठेही ठेवा, खांबावरचा मोमेंट नेहमी ऋण, म्हणजे गर्डरची वरची बाजू ताणणारा. एखादे वजन दुसऱ्याचा परिणाम कमी करत नाही. खांबावर सर्वांत जास्त मोमेंट हवा असेल तर दोन्ही गाळे भरा.

डाव्या गाळ्याच्या मध्यावरच्या मोमेंटसाठी बिजागरी त्या मध्यावर बसवा. इथे खाली खांब नाही, त्यामुळे आढे खरोखर वर उचलले जाते. डाव्या आधारापासून रेषा चढत मध्यावर टोकाला पोहोचते, मग उतरत मधल्या खांबावर शून्य होते आणि न मोडता पुढे उजव्या गाळ्यात खाली जाते. दोन्ही चित्रांत रेषा फक्त बिजागरीच्या जागी मोडते, दुसरीकडे कुठेही नाही. मुले नेमकी इथे चुकतात. मधल्या खांबावर उगाच कोन काढतात, किंवा उजव्या गाळ्यात रेषा शून्यावरच सपाट ठेवतात, जणू तो गाळा पुलाचा भागच नाही. बिजागरी नसलेल्या जागी तुळई कापलेली नसते, मग तिथे ती मोडेल कशी, हे एकदा पटले की चूक होत नाही.

टॉर्कसीच्या मापाने आकडे घेऊ. गाळा 40 मीटर. त्या काळच्या गाडीचे खरे वजन इथे धरत नाही. सोयीसाठी मीटरला एक टन असे सारखे पसरलेले वजन समजू. पसरलेल्या वजनाचा परिणाम म्हणजे जिथे वजन आहे तिथल्या प्रभावरेषेखालचे क्षेत्रफळ. ते वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे.

गाळे सुटे असते तर प्रत्येकाच्या मध्यावर 200 टन-मीटर मोमेंट आला असता. सलग पुलात डाव्या गाळ्याच्या रेषेचे क्षेत्रफळ अधिक 150 देते आणि उजव्या गाळ्याचे उणे 50. पुलाचे स्वतःचे वजन दोन्ही गाळ्यांवर कायम असते, म्हणून त्याच्यासाठी दोन्ही जोडायचे: 100 टन-मीटर. सुट्या गाळ्याच्या बरोबर निम्मे. पण गाडी काही दोन्ही गाळ्यांवर एकदम उभी राहायला बांधील नाही. ती फक्त डाव्या गाळ्यावर असेल तर उणे 50 कमी होत नाहीत आणि मध्यावर 150 टन-मीटर येतात. म्हणजे सलगपणाचा फायदा स्वतःच्या वजनासाठी निम्मा, गाडीच्या वजनासाठी मात्र जेमतेम चौथाई. माझ्या मते सलगपणाच्या वादातला खरा मुद्दा हाच आहे. सलगपणा मोजायला हवा ही फाउलर यांची बाजू रास्त होती, पण त्याचा किती फायदा धरायचा हे गाडीच्या जागेवर अवलंबून आहे, आणि पूर्ण पूल भरून केलेला हिशेब इथे खोटा दिलासा देतो.

खांबावरचा मोमेंट मात्र वेगळ्याच भरणीला सर्वांत जास्त होतो. दोन्ही गाळे भरले की तिथे उणे 200, फक्त एक भरला की उणे 100. म्हणजे गाळ्याच्या मध्यासाठी वाईट अवस्था वेगळी आणि खांबावरच्या जागेसाठी वेगळी. एकाच चाचणीत पूल भरून पाहिला तर यातली एकच दिसते. प्रभावरेषेचे नुसते चित्र, आकड्याविना, हे सांगून टाकते: रेषा जिथे वर आहे तिथे भरा, जिथे खाली आहे तिथे रिकामे ठेवा.

डाव्या काठाच्या आधारावर दोन्ही गाळे भरले तर 15 टन येतात, फक्त डावा भरला तर 17.5, आणि फक्त उजवा भरला तर उणे 2.5. हे उणे अडीच टन पुलाच्या स्वतःच्या वजनाच्या दाबातून वजा होतात, म्हणून सारख्या गाळ्यांच्या जड पुलात त्याची काळजी नसते. पण एक गाळा दुसऱ्यापेक्षा खूपच लहान असला तर लहान गाळ्याच्या काठावर हे उचलणे मोठे होते आणि तिथे गर्डर खाली बांधून ठेवणारे बोल्ट लावावे लागतात. हलक्या पादचारी पुलातही हा प्रश्न नीट तपासतात.

आपले चित्र बरोबर आहे का हे तपासायच्या दोन पद्धती मला फार उपयोगी वाटतात. पहिली: वजनाच्या कुठल्याही एकाच जागेसाठी तिन्ही प्रतिक्रियांच्या प्रभावरेषांची उंची वाचा आणि बेरीज करा. ती बरोबर एक आली पाहिजे, कारण एक टन वजन तिघांनी मिळून उचलले आहे. डाव्या गाळ्याच्या मध्यावर 0.41, 0.69 आणि उणे 0.09: बेरीज एक, राउंडिंगपुरती चूक सोडून. दुसरी पद्धत मोमेंटची: बिजागरीच्या दोन्ही बाजूंचे तिरकसपण मोजा. डाव्या गाळ्याच्या मध्यावर डावीकडचा चढ 0.469 आणि उजवीकडचा उतार 0.531 येतो. बेरीज पुन्हा एक. खांबावर दोन्ही बाजू सारख्या, 0.5 आणि 0.5. पट्टीवर एवढा मोठा कोन अर्थातच देता येत नाही. लहान कोन द्यायचा आणि सगळ्या उंच्या त्याच प्रमाणात वाढवायच्या.

गाळे असमान असले किंवा गर्डर कुठे जाड आणि कुठे पातळ असला तरी चित्राचा आकार तोच राहतो: जिथे वर होते तिथे वर, जिथे खाली होते तिथे खाली. म्हणून वजन कुठे ठेवायचे हे उत्तर हाताने काढलेल्या आकृतीवरूनही पक्के मिळते. आकडे मात्र बदलतात, आणि त्यांच्यासाठी हिशेब करावाच लागतो.

एक गोष्ट या पद्धतीच्या बाहेर राहते. सलग पुलाचा मधला खांब नदीच्या तळात थोडासा खचला तर गर्डरवर कुठलेही वजन न ठेवता मोमेंट तयार होतो. खांब खाली गेला की तो आपले ओझे काठांवर ढकलतो. खांबावरचा ऋण मोमेंट कमी होतो आणि गाळ्याच्या मध्यावरचा धन मोमेंट वाढतो. फिरत्या वजनाची प्रभावरेषा त्यामुळे जराही बदलत नाही, म्हणून तिच्याकडे कितीही पाहिले तरी हे कळणार नाही. गर्डर जितका ताठ आणि गाळा जितका लहान, तितका हा जादा मोमेंट मोठा. म्हणून खडक खोल असलेल्या नदीत सलग गर्डर घालायचा की गाळे सुटे ठेवायचे, हा निर्णय बराचसा पायाच्या भरवशावर होतो.